आषाढात अडणारं दार

पावसाळ्यात दार का अडतं, हे मालवणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लाकूड फुगतं, म्हणून अडतं. मला अनेक वर्षं छळत आला तो त्याच्या पुढचा प्रश्न. दार एकदा फुगलं, सुताराने ते रंध्याने तासून मोकळं केलं, मग पुढच्या आषाढात ते पुन्हा का अडावं? लाकूड काही दरवर्षी वाढत नाही. फुगलेल्या अवस्थेत जे दार चौकटीत बसलं, ते नंतर कायमच बसायला हवं. तरी आचऱ्याजवळच्या माझ्या आजोळचं पुढचं दार दरवर्षी अडायचं, दरवर्षी तासलं जायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा खांद्याने ढकलावं लागायचं.

या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही, ते त्या दाराच्या कडेवर सापडलं. मामाने अखेर दार नवं करायचं ठरवलं. एप्रिलमध्ये गावातल्या मेस्तांनी जुनं दार बिजागऱ्यांवरून उतरवून खळ्यात आडवं टाकलं आणि कडीच्या बाजूची कड पटाशीने खरवडायला घेतली. रंगाच्या पापुद्र्यांखाली एक पट्टी निघाली, बोटभर रुंद आणि चुका मारून बसवलेली. ती उचकटल्यावर आत पुन्हा रंग, आणि त्याखाली आणखी एक पट्टी, ही तासून तासून कागदासारखी झालेली. ती कड म्हणजे घरातल्या एका जुन्या भांडणाची वहीच होती. भांडण आजीचं आणि मामाचं. मृगाच्या पहिल्या सरींनंतर दार घासू लागलं की मामा लगेच रंधा मारून घ्यायचा. चैत्र-वैशाखात दार आकसलं की कडेला फट पडायची, त्या फटीतून उंदीर, विंचू आणि एकदा तर सापाचं पिल्लू आत आलं होतं. मग आजी कोणाला तरी बोलावून कडेला पट्टी ठोकून घ्यायची. जूनमध्ये काढलेलं लाकूड मे महिन्यात परत यायचं. दोघांनाही आपण दार दुरुस्त केलं असंच वाटायचं.

मामाची चूक आणखी एक होती. जूनमध्ये दार घासायला नुकती सुरुवात झालेली असते, पुरतं फुगायला त्याला श्रावण उजाडतो. म्हणजे जूनमध्ये जेमतेम मोकळं केलेलं दार त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा अडणारच. आणि ऑगस्टमध्ये भरपूर तासलं, तर उन्हाळ्यातली फट आणखी मोठी, म्हणजे आजीची पट्टी आणखी जाड.

लाकूड किती आणि का हलतं, याचा हिशेब तसा जुना नाही. अमेरिकेच्या वनखात्यात हॅरी टीमन नावाचा एक माणूस ओलं आणि सुकं लाकूड मोडून त्याची ताकद मोजत होता. 1906 साली त्याने दाखवून दिलं की लाकडातला ओलावा दोन प्रकारचा असतो. एक पेशींच्या पोकळ्यांत साठलेलं पाणी. ते निघून गेलं तरी लाकडाच्या मापात फरक पडत नाही. दुसरा पेशींच्या भिंतींत मुरलेला ओलावा, सुक्या लाकडाच्या वजनाच्या साधारण 28 ते 30 टक्क्यांपर्यंतचा. सारं आकसणं-फुगणं याच दुसऱ्या ओलाव्याचं. (त्याच वर्षी देहरादूनला आपली वन संशोधन संस्था सुरू झाली. पुढे हिंदुस्थानातल्या लाकडांची बरीच मोजमापं तिथेच झाली.) टीमनचं नाव आज लाकडाच्या अभ्यासकांपलीकडे कोणाला माहीत नाही. पण आपल्या दारावर पावसाचा थेंबही न पडता ते का अडतं, ते त्याच्यामुळे कळतं. पेशींच्या भिंतींना ओलावा पावसाकडूनच हवा असतो असं नाही, दमट हवा पुरते. किनाऱ्यावर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे 85-90 टक्क्यांच्या आसपास राहते. पडवीच्या आत, कोरड्या जागी उभं असलेलं दारही त्या हवेतून ओलावा घेत राहतं.

आजोळचं दार सागाचं होतं, आणि साग हे तर सर्वांत कमी हलणाऱ्या लाकडांपैकी एक. चार उभ्या फळ्या शेजारी शेजारी लावून मागे आडव्या पट्ट्या ठोकलेलं, 810 मिलिमीटर रुंदीचं दार. उन्हाळ्यात त्याचा ओलावा 12 टक्के आणि भर पावसाळ्यात 17 टक्के धरू, म्हणजे फरक पाच टक्क्यांचा. सागाची फळी ओंडक्याच्या वर्तुळांना स्पर्शून कापलेली असेल, तर ओलाव्याच्या दर टक्क्यामागे ती रुंदीच्या हजारात 1.86 भाग फुगते. तेव्हा 810 मिलिमीटरचं दार साडेसात मिलिमीटर रुंद होतं. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या रेषेत कापलेली फळी जवळपास निम्मीच फुगते. कापलेल्या टोकाकडून पाहिलं की ओळखता येतं: वर्षांच्या रेषा फळीच्या रुंदीला आडव्या पसरलेल्या असतील तर ती जास्त हलणारी, जाडीत उभ्या असतील तर कमी. उंचीत मात्र लाकूड जवळजवळ हलतच नाही. म्हणून दार बाजूला अडतं, सहसा वर-खाली नाही.

दार नेमकं कुठे अडतं, हे मेस्तांनी सर्वांत आधी पाहिलं होतं. आदल्या पावसाळ्यात, दार अडत असतानाच, त्यांनी दाराच्या कडेला कोळसा चोळला, दार दाबून लावलं आणि उघडून चौकटीवर डाग कुठे पडले ते पाहिलं. डाग फक्त वरच्या कोपऱ्यात पडले असते, तर दोष फुगण्याचा नसून ओघळलेल्या बिजागरीचा, आणि स्क्रू घट्ट करून काम भागलं असतं. इथे डाग कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत पडले होते.

मेस्तांशी बोलताना आणखी एक गोष्ट निघाली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली तीच महत्त्वाची. आजोळी कोठीच्या खोलीला एक फार जुनं दार आहे. ते कधीच अडलं नाही. त्याला बिजागरीच नाही. कवाडाच्या एका कडेला वर-खाली लाकडातच कोरलेल्या खुंट्या आहेत, एक वरच्या पट्टीतल्या भोकात आणि एक उंबरठ्यातल्या खळग्यात फिरते. मुख्य म्हणजे कवाड चौकटीच्या आत बसत नाही, मागून चौकटीवर टेकतं, दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जास्त. ते साडेसात काय, पंधरा मिलिमीटर फुगलं तरी कुठे अडणार? त्यात कवाडं दोन, म्हणजे प्रत्येकाची रुंदी निम्मी आणि फुगणंही निम्मं. बिडाची, दोन पाकळ्या एकमेकींवर मिटणारी बिजागरी इंग्लंडात आयझन आणि व्हाइटहर्स्ट यांनी 1775 साली पेटंट केली. अशी बिजागरी स्वस्त झाली आणि कवाड चौकटीच्या खाचेत, दोन-तीन मिलिमीटरच्या फटीवर नेमकं बसवणं सोपं झालं. दिसायला देखणं, वारा अडवायला चांगलं. पण कोरड्या हंगामात नेमकं बसवलेलं दार कोकणात पावसाळ्यात अडणारच. आपण बिजागरी घेतली आणि खुंटीच्या दाराची ऐसपैस जागा सोडून दिली, हा खरा घोटाळा. लाकडाला दोष देण्यात अर्थ नाही.

मामाला मात्र खुंटीचं दार नको होतं. त्याला कुलूप आणि लॅच हवं होतं. मेस्त म्हणाले, ‘‘लाकूड फुगतलाच. खंय फुगूचा, ता आपण ठरवूचा.’’

त्यांनी ठरवलं ते असं. जुन्या फळ्यांतून दोन्ही बाजूंचे उभे शंभर-शंभर मिलिमीटर रुंदीचे काढले. त्यांच्यामध्ये वर, मध्ये आणि खाली आडवे घातले. आडव्यांच्या टोकांना कुसू काढून ते उभ्यांतून आरपार नेले, बाहेरून पाचर मारली. आडव्यांची लांबी रेषांच्या दिशेने, म्हणून ती हलत नाही. आता दाराची एकूण रुंदी फक्त दोन उभ्यांच्या फुगण्याने बदलणार: दोनशे मिलिमीटरला जेमतेम 1.9. पूर्वीच्या साडेसातच्या जागी दोनसुद्धा नाही. मधली जागा एका मधल्या उभ्याने विभागून पॅनेलं बसवली. पॅनेलचं लाकूड फुगणारच, प्रत्येकी साधारण अडीच मिलिमीटर, पण ते खोबणीच्या आत. खोबण बारा मिलिमीटर खोल, आणि काम एप्रिलमधलं, म्हणून पॅनेल दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर आखूड ठेवलं. हेच काम पावसाळ्यात केलं असतं, तर पॅनेल जवळपास तळापर्यंत बसवावं लागलं असतं, नाहीतर उन्हाळ्यात ते खोबणीतून सुटून खडखडलं असतं.

इथे दोन गोष्टी चुकतात आणि त्या नंतर दिसतात. पॅनेल खोबणीत चिकटवलं किंवा त्याला चूक मारली, की ते हलू शकत नाही आणि मग पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात मधोमध चिरतं. मेस्तांच्या पॅनेलला गोंदाचा थेंबही नव्हता. दुसरं, पॅनेलला रंग जोडणीआधी द्यायचा, कडांसकट. नंतर दिला तर उन्हाळ्यात पॅनेल आकसल्यावर कडेला कोऱ्या लाकडाची उघडी रेघ दिसते.

चौकट जुनीच ठेवली. तिचे खांबही पावसाळ्यात आत अर्धा-पाऊण मिलिमीटर सरकतात, तो हिशेब धरून एप्रिलमध्ये दाराच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटरची फट सोडली. सहातले साडेतीन पावसाळा खाणार, अडीच उरणार. उन्हाळ्यातल्या तीन मिलिमीटरच्या फटीपुढे चौकटीची खाच आहेच, तिथे विंचवाला वाट नाही. आजीच्या पट्टीचं कारणच संपलं.

लाकूड सुकं आहे का, हे मेस्त फळीच्या वजनावरून आणि रंध्याखालून निघणाऱ्या सालीवरून सांगत होते. माझा संशयी स्वभाव. मी एक तुकडा किराणावाल्याच्या काट्यावर तोलला, पाणी उकळण्याच्या तापमानापेक्षा किंचित जास्त ठेवलेल्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवला आणि पुन्हा तोलला. आधी 112 ग्रॅम, नंतर 100. म्हणजे 12 टक्के. मेस्तांनी आकडा ऐकून घेतला आणि पुढच्या कामाला लागले.

शेवटचं काम कोणी पाहत नाही ते. दाराची खालची आणि वरची कड, जिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, तिथून ओलावा बाकीच्या अंगापेक्षा कितीतरी वेगाने शिरतो. रंगारी नेमक्या याच दोन कडा सोडतात, कारण दार लावल्यावर त्या दिसत नाहीत. आजोळच्या जुन्या दाराची खालची कड कोरी होती आणि पागोळ्यांचे शिंतोडे झेलून काळी पडली होती. मेस्तांनी नवं दार टांगण्याआधी त्याच्या या दोन्ही कडांना काजूच्या टरफलांचं तेल पाजलं, हातांना खोबरेल चोळून, कारण हे तेल कातडी भाजतं. होड्यांना लावायचं तेच. वाळल्यावर वरून रंगाचे दोन हात दिले. रंगाने ओलावा थांबत नाही, तो फक्त उशिरा पोचतो. पण चार महिन्यांच्या पावसाळ्यात उशिरा पोचणं हेच पुष्कळ आहे.

आता गावोगाव फ्लश दारं लागत आहेत, आणि फुगण्यापुरतं बोलायचं तर ती बरी. एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले थर एकमेकांना हलू देत नाहीत. पण किनाऱ्यावर हलक्या गोंदाचं फ्लश दार खालून पाणी पिऊन पापुद्र्यांनी सुटतं, आणि सुटलेलं फ्लश दार कोणत्याही मेस्ताला दुरुस्त करता येत नाही. तेव्हा तुमचं दार कोणतंही असो, या मे महिन्यात ते एकदा उतरवा, खालची कड पाहा आणि कोरी असेल तर रंगवून घ्या. आणि जूनमध्ये घासू लागलं तर रंध्याला हात लावू नका. श्रावण संपेपर्यंत थांबा, कोळसा लावून पाहा आणि मगच, जेवढं अडतं तेवढंच काढा.