बचत गटाचं व्याज: सारखी वाटणी म्हणजे न्याय्य वाटणी का?

मार्च संपत आला की बचत गटाच्या बैठकीत व्याजाच्या वाटपाचा विषय निघतो आणि कुणीतरी म्हणतं, "सगळ्यांना सारखं वाटून टाका, म्हणजे कुणाचं मन दुखायला नको." हेतू चांगलाच असतो. पण सारख्या वाटणीत, वर्षभर एकही हप्ता न चुकवणारीचे पैसे दुसरीच्या हातात जातात. गटाचा हिशेब लिहिणाऱ्या प्रत्येकीला हे आकड्यांत दिसायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बारा जणींचा एक गट धरू. पहिलंच वर्ष, दरमहा 200 रुपये बचत, एप्रिल ते मार्च. दहा जणींनी प्रत्येक महिन्याला पैसे भरले. अकरावी ऑक्टोबरमध्ये गटात आली, तिची बचत 1,200 झाली. बारावीने सप्टेंबरपर्यंत नियमित भरले, दसऱ्यानंतर ती ऊसतोडीला गेली आणि परतल्यावर मार्चच्या बैठकीत उरलेले सहा हप्ते, म्हणजे 1,200 रुपये, एकदम भरले. तिची वर्षाची बचत इतर दहा जणींइतकीच, 2,400.

वर्षभरात अंतर्गत कर्जाचं व्याज 2,610 रुपये जमा झालं, बँकेने बचत खात्यावर 142 रुपये दिले, दंडाचे 60 आले. एकूण 2,812. त्यातून वह्या-पासबुकं आणि बँकेत जायचं एसटीचं भाडं असा 220 रुपये खर्च गेला. वाटायला राहिले 2,592.

सारखी वाटणी केली तर प्रत्येकीला 216 रुपये. सहाच महिने बचत केलेल्या अकरावीलाही 216. हे अनेकींना खटकतं, म्हणून मग दुसरा उपाय सुचतो: ज्याची त्याची बचत बघा आणि त्या प्रमाणात द्या. हे ऐकायला बरोबर वाटतं. या हिशेबाने अकरावीला साधारण 113 आणि बाकी सगळ्यांना साधारण 225 येतात. पण इथेही एक गफलत राहते. बारावीचे शेवटचे 1,200 रुपये गटात आले ते वर्ष संपताना. ते कुणाला कर्जाऊ गेलेच नाहीत, मग त्यांनी व्याज कमावलं कधी?

व्याज रकमेवर मिळतं, तसंच ते काळावरही मिळतं. म्हणून वाटणीसाठी दोन्हींचा गुणाकार धरायचा. 200 रुपये बारा महिने गटात राहिले, तर ते झाले 2,400 "रुपये-महिने". नियमित भरणारीचे एप्रिलचे 200 बारा महिने राहिले, मेचे अकरा, जूनचे दहा, असं करत मार्चचे एक महिना. सगळी बेरीज 15,600 रुपये-महिने. अकरावीचे याच पद्धतीने 4,200 होतात. बारावीचे पहिल्या सहा हप्त्यांचे 11,400 आणि मार्चमध्ये भरलेल्या 1,200 चे एका महिन्याचे 1,200, मिळून 12,600. पूर्ण गटाचे 1,72,800.

आता 2,592 ला 1,72,800 ने भागलं की एका रुपया-महिन्याला दीड पैसा येतो. नियमित दहा जणींना प्रत्येकी 234, ऊसतोडीहून आलेलीला 189, ऑक्टोबरमध्ये आलेलीला 63. बेरीज बरोबर 2,592. कर्जाचा दर शेकडा दोन असताना दीडच पैसा का, असं कुणी विचारेल. वर्षभरात गटाच्या पैशाचा साधारण पाऊण भागच कर्जात फिरत होता, बाकीचा बँकेत पडून होता.

बारावीच्या वाट्याला कमी आले म्हणून ती शिक्षा ठरत नाही. ती पोटासाठी गेली होती. तिचा उशिराचा दंड माफ करायचा तर जरूर करावा, मीही तसंच सांगेन. पण रुपये-महिने बदलू नयेत, कारण त्या सहा महिन्यांचं व्याज दुसऱ्या बायकांच्या पैशाने कमावलेलं आहे.

दुसरा गैरसमज कर्ज घेणारीचा: "मी सगळ्यांत जास्त व्याज भरलं, मग मला जास्त वाटा हवा." तिने 5,000 रुपये घेतले आणि 500 च्या दहा हप्त्यांत फेडले असं धरू. शेकडा दोनने पहिल्या महिन्यात 100 रुपये व्याज, दुसऱ्या महिन्यात शिल्लक 4,500 वर 90, मग 80, असं उतरत शेवटी 10. एकूण 550. हे व्याज म्हणजे इतरांचे पैसे वापरल्याचं मोल आहे, तिची बचत नव्हे. तिला वाटा मिळतो तो तिच्या स्वतःच्या बचतीवर. कर्ज घेणाऱ्यांवर फार ओझं पडतं असं गटाला वाटलं तर व्याजदर कमी करावा. ते वाटपात दुरुस्त करायला गेलं की हिशेबही बिघडतो आणि भांडणंही लागतात. काही गट नफ्याचा थोडा भाग कर्जदारांना परत देतात. त्यालाही हरकत नाही, पण तसा ठराव वर्षाच्या सुरुवातीला लिहिलेला हवा. नफ्याचा आकडा कळल्यावर केलेला नियम कुणाला तरी समोर ठेवूनच होतो.

इथेच एक चूक मला फार वेळा दिसते. "दोन टक्के म्हणजे दोन टक्के" असं म्हणून दहाही महिने मूळच्या 5,000 वर 100 रुपये घेतले जातात. 550 च्या जागी 1,000 होतात. शिल्लक मुद्दलाचे रुपये-महिने काढले तर ते 27,500 भरतात, म्हणजे खरा दर महिना साडेतीन टक्क्यांच्याही वर गेला. वहीत मात्र दोनच टक्के लिहिलेले असतात. ओळखायचं कसं? कर्जाच्या पासबुकात मुद्दल उतरतंय आणि व्याजाचा आकडा तोच राहतोय, एवढं दिसलं की पुरे.

तिसरा गैरसमज नफ्याबद्दल. येणं असलेलं व्याज म्हणजे मिळालेलं व्याज नव्हे. कुणाकडे 300 रुपये व्याज थकलं असेल तर ते यंदाच्या वाटपात धरू नये, जमा होईल त्या वर्षी धरावं. काही ठिकाणी मार्चच्या बैठकीत एखादीने जुनं कर्ज व्याजासह फेडल्याचं लिहितात आणि त्याच बैठकीत तिलाच तेवढं नवं कर्ज दिल्याचं लिहितात. पैसा हातात येत नाही, नफा मात्र कागदावर येतो. शासनाकडून मिळालेला फिरता निधी हाही नफा नाही. बँकेचं कर्ज घेऊन सभासदांना दिलं असेल, तर बँकेला भरलेलं व्याज आधी वजा करायचं.

वाटप रोखीनेच झालं पाहिजे असंही नाही. प्रत्येकीचा वाटा तिच्या पासबुकात जमा करता येतो. मग नियमित भरणारी पुढच्या वर्षाची सुरुवात 2,634 रुपयांनी करते आणि ते पूर्ण बारा महिने धरले जातात. बँकही कर्ज ठरवताना गटाचा असा साठलेला निधी बघते.

वाटप करण्याआधी एक ताळा घ्यायचा. आपल्या गटाची बचत 27,600 आणि नफा 2,592, मिळून 30,192. दुसऱ्या बाजूला सभासदांकडे शिल्लक कर्ज 16,500, बँकेत 13,500 आणि पेटीत 192. दोन्ही बाजू जुळल्या. जुळल्या नसत्या, तर फरक सापडेपर्यंत वाटप थांबवायचं, आणि शोध पेटीतली रोकड सगळ्यांसमोर मोजून सुरू करायचा.