खात्याच्या आलेखालाच सरासरी लावली तर?

शिकागोचे सट्टेबाज रिचर्ड डेनिस यांनी १९८३-८४ मध्ये नवख्या लोकांना निवडून वायदेबाजार शिकवला. ‘टर्टल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शिष्यांना खरेदी-विक्रीच्या नियमांबरोबर आणखी एक नियम दिला होता. खात्यात १० टक्के तूट आली की पुढचे सौदे खाते २० टक्क्यांनी लहान आहे असे समजून करायचे. म्हणजे १० लाख डॉलरमधले १ लाख गेले, तर उरले ९ लाख असले तरी हिशेब ८ लाखांचा धरायचा.

पडत्या काळात सौद्याचा आकार कमी करण्याची ही कल्पना आजही लोकप्रिय आहे, पण बऱ्याच जणांनी तिला वेगळे रूप दिले आहे. ते १० टक्क्यांसारखा ठरीव आकडा वापरत नाहीत. शेअरच्या भावाला लावतात तसा मूव्हिंग अ‍ॅव्हरेज ते स्वतःच्या खात्याच्या आलेखाला लावतात. या आलेखाला ट्रेडर ‘इक्विटी कर्व्ह’ म्हणतात. प्रत्येक सौद्यानंतर खात्यात किती रक्कम आहे, त्या बिंदूंची ती रेघ. रेघ आपल्या सरासरीच्या वर असेल तर पूर्ण आकाराने खेळायचे, खाली गेली तर निम्म्याने. नियम एवढाच.

आकड्यांत पाहू. समजा, एखाद्याने ५ लाखांवर सुरुवात केली. पहिल्या चार सौद्यांत १० हजार मिळाले, ५ हजार गेले, मग १५ आणि १० हजार मिळाले. खाते ५ लाख ३० हजारांवर आले. इथून वाईट काळ सुरू होतो: पूर्ण आकाराने खेळल्यास लागोपाठ पाच सौद्यांत प्रत्येकी १० हजारांचा तोटा, नंतर १० हजार आणि २० हजार असा फायदा. सरासरी शेवटच्या पाच बिंदूंची घेऊ. प्रत्यक्षात लोक २०-३० सौद्यांची घेतात, पण कागदावर समजायला पाच बरे.

पहिल्या तोट्यानंतर खाते ५ लाख २० हजार, सरासरी ५ लाख १७ हजार. अजून रेघ वरच आहे. दुसऱ्या तोट्यानंतर खाते ५ लाख १० हजारांवर येते आणि सरासरी ५ लाख १७ हजारच राहते. रेघ खाली गेली, आता आकार निम्मा. उरलेले तीन तोटे प्रत्येकी १० ऐवजी ५ हजारांचे होतात आणि खाते ४ लाख ९५ हजारांपर्यंतच घसरते. नियम नसता तर ते ४ लाख ८० हजारांपर्यंत गेले असते. मात्र शेवटचे दोन फायदेही निम्मेच पदरात पडतात. अखेरीस नियमवाला आणि बिननियमवाला दोघेही ५ लाख १० हजारांवरच उभे असतात. फरक खड्ड्याच्या खोलीत पडला. एकाच्या वाट्याला ३५ हजारांची घसरण आली, दुसऱ्याच्या वाट्याला ५० हजारांची.

आणि तो शेवटचा फायदा २० ऐवजी ४० हजारांचा असता तर? बिननियमवाला ५ लाख ३० हजारांवर परतला असता, नियमवाला ५ लाख २० हजारांवर अडकला असता. तेजी-मंदीच्या मागे जाणाऱ्या पद्धतींत हे वारंवार घडते. लहान लहान तोट्यांची रांग लागते आणि तिच्या शेवटी वर्षाचा सगळ्यात मोठा सौदा येतो. नेमका तेव्हा आकार निम्मा असतो.

वर ज्या रेघेवरून निर्णय घेतला, ती खऱ्या खात्याची नव्हती, हे नजरेतून सुटू नये. ती पूर्ण आकाराने खेळल्यास खाते कसे दिसले असते, त्याची कागदावरची रेघ होती. दुसऱ्या तोट्यानंतर एखाद्याने सौदे पूर्ण थांबवले आणि खऱ्या खात्याची रेघ पाहत बसला, तर ती ५ लाख १० हजारांवर आडवी पडून राहील. चार सौदे सुटले की सरासरीही तिथेच येऊन टेकेल. मग नियमाच्या शब्दांप्रमाणे एक तर तो कायमचा बाहेर राहील, नाही तर बाजारात काय चालले आहे याच्याशी संबंध नसताना परत येईल. म्हणून न केलेले सौदेही वहीत पूर्ण आकाराने मांडावे लागतात. टर्टलांच्या दुसऱ्या एका नियमात हीच शिस्त होती. मागचा संकेत यशस्वी ठरला असता का, हे पाहून ते पुढचा संकेत घ्यायचा की सोडायचा ते ठरवत, आणि मागचा सौदा प्रत्यक्ष केला होता की नाही याला त्यात महत्त्व नव्हते.

जुन्या आकड्यांवर नियम तपासताना हमखास होणारी चूक वेगळीच आहे. एक्सेलमध्ये सौद्याचा निकाल आणि त्याच सौद्याचा आकार एकाच ओळीवरून ठरवला जातो. आपल्या उदाहरणात रेघ दुसऱ्या तोट्यामुळे खाली गेली. तक्त्याने तो तोटाही निम्मा धरला, तर ५ हजार फुकटचे वाचलेले दिसतात. नियम पुढच्या सौद्यापासूनच लागू व्हायला हवा.

आता मूळ प्रश्न. हा नियम आकार चतुराईने कमी करतो, की नुसताच कमी करतो? उदाहरणातल्या ११ सौद्यांपैकी सहा पूर्ण आणि पाच निम्म्या आकाराचे होते, म्हणजे सरासरी आकार सुमारे ७७ टक्के. कोणी पहिल्यापासून सरसकट ७७ टक्क्यांनी खेळला असता, तर घसरण साधारण साडेअडतीस हजारांची आणि नफा पावणेआठ हजारांचा झाला असता. नियमाने ३५ हजारांची घसरण आणि १० हजारांचा नफा दिला, म्हणजे थोडे सरस. पण त्याचे कारण उघड आहे, उदाहरणात पाच तोटे एकापाठोपाठ ठेवले होते. तोटे विखुरलेले असते तर ही सरशी उरली नसती. फायदा-तोटा आलटून पालटून आला, तर तोटा पूर्ण आणि फायदा निम्मा, असाही फटका बसतो.

म्हणून तोटे खरोखर घोळक्याने येतात का, हे आधी पाहावे. कृती सोपी आहे. जुन्या सौद्यांचे निकाल एका रकान्यात घ्यावेत, शेजारी `RAND()` टाकून त्या क्रमाने ते विस्कटावेत आणि नियम पुन्हा लावावा. असे शेकडो वेळा करावे. छोटा मॅक्रो हे काम करतो. खऱ्या क्रमावरचा निकाल विस्कटलेल्या क्रमांच्या गर्दीतच बसत असेल, तर सौद्यांच्या क्रमात काही दडलेले नाही आणि सरसकट लहान आकार तेच काम कमी कटकटीत करतो. सरासरीच्या लांबीबाबतही तसेच. १८ सौद्यांना सुंदर आणि १५ किंवा २२ ला भिकार निकाल येत असेल, तर तो योगायोग समजावा.

ऑप्शन विकणाऱ्यांना तर हा नियम फारसा वाचवत नाही. त्यांचा आलेख थोडाथोडा चढत राहतो आणि एका दिवसात कोसळतो. ३ जून २०२४ रोजी निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक चढून विक्रमी पातळीवर बंद झाला. ४ जूनला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, तो सुमारे ६ टक्के पडला आणि ५ जूनला पुन्हा तीन टक्क्यांहून अधिक वर आला. पुट विकणाऱ्याच्या खात्याची रेघ ३ तारखेला दिमाखात सरासरीच्या वर असणार. तोटा ४ तारखेला पूर्ण आकाराने बसला, आणि ५ तारखेला, प्रीमियम अजून फुगलेले असताना, नियमाने आकार निम्मा केला.

शेवटची अडचण साधी आहे. निफ्टी फ्युचर्सचा लॉट २०२४ च्या अखेरीस २५ वरून ७५ झाला. एकाच लॉटवर खेळणाऱ्याला निम्मा आकार करताच येत नाही. त्याच्यापुढे खेळणे किंवा थांबणे एवढेच उरते. अशा माणसाने हा नियम लावू नये. निदान चार लॉट निवांतपणे झेपतील इतके भांडवल असेल आणि विस्कटण्याच्या चाचणीत खरा क्रम ठळकपणे वेगळा निघाला असेल, तरच तो वापरून पाहावा.