माप अंगाचं की ब्लाउजचं?

ऑनलाइन साडी घेताना पानावर एक छोटा चौकोन दिसतो: ‘ब्लाउज शिवून हवा का?’ त्यावर टिचकी मारली की मापांचा फॉर्म उघडतो. छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही, दंडघेर, पुढचा गळा, मागचा गळा, उंची. आठ-दहा आकडे भरायचे, पैसे द्यायचे आणि वाट बघायची. शिवणाऱ्याची आणि अंगात घालणारीची भेट कधीच होत नाही. शेजारच्या टेलरकडे मापाचा जुना ब्लाउज टाकून ‘असाच शिवा, फक्त गळा थोडा खोल’ एवढं सांगून भागतं, कारण कापड बेतताना तो ब्लाउज त्याच्या समोर असतो. इथे मात्र आकड्यांखेरीज शिवणाऱ्याजवळ काहीच नसतं. म्हणून ऑनलाइन शिवून घेतलेला ब्लाउज बिघडतो तेव्हा बऱ्याचदा टेप चुकलेली नसते. आकडा कशाचा आहे, याबद्दल दोघांची समजूत वेगळी असते.

सगळ्यात मोठा घोळ छातीच्या मापाचा. अंगावर टेप लावून घेतलेलं ते अंगाचं माप आणि शिवून झालेल्या ब्लाउजचं ते तयार माप. ब्लाउज कितीही अंगासरशी असला तरी श्वास घ्यायला, हात हलवायला थोडी सैल जागा लागते. त्यामुळे अंगाची छाती 36 इंच असेल, तर अस्तराचा ब्लाउज तयार होताना साधारण 37 ते 38 इंच ठेवतात.

समजा, पुण्यातल्या एका बाईंना भाचीच्या लग्नासाठी रेशमी साडीवरचा ब्लाउज शिवून हवा आहे. अंगाचं माप 36. नीट बसणाऱ्या जुन्या ब्लाउजचे हुक लावून तो सपाट पसरला आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजलं, तर पावणेएकोणीस इंच भरतात. दुप्पट केले की साडेसदतीस. फॉर्ममध्ये फक्त ‘छातीचा घेर’ असं लिहिलेलं आहे. बाईंनी साडेसदतीस भरले आणि विक्रेत्याने ते अंगाचं माप समजून वर दीड इंच वाढवला, तर ब्लाउज 39 चा होऊन खांद्यावरून घसरेल. त्यांनी 36 भरले आणि विक्रेत्याने तेच तयार माप धरलं, तर हुकच लागणार नाहीत. बाई त्याच, टेपही तीच, पण दोन ब्लाउजमध्ये तीन इंचांचा फरक.

यावरचा उपाय साधा आहे. पैसे देण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारायचं: ‘हे माप अंगाचं देऊ की तयार ब्लाउजचं? अंगाचं दिलं तर तुम्ही किती इंच वाढवता?’ उत्तर चॅटवर किंवा मेलवर घ्यायचं, फोनवर नाही. नीट उत्तर देता येत नसेल, तर त्या विक्रेत्याकडून फक्त कापड घ्यावं आणि शिलाई गावातच करावी. परदेशात राहणाऱ्या मराठी बायकांनी आणखी एक गोष्ट बघावी. अनेक देशांत टेपवर सेंटिमीटर असतात आणि फॉर्म बहुतेक वेळा इंचांचा असतो. 36 इंच म्हणजे 91.4 सेंटिमीटर. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिलेलं बरं.

असाच दुहेरी अर्थ खांद्याला आणि गळ्यालाही आहे. काही फॉर्म खांदा विचारतात तेव्हा त्यांना एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंतची पाठीवरची पूर्ण रुंदी हवी असते. काहींना गळ्याच्या कडेपासून बाहीच्या जोडापर्यंतची फक्त पट्टी हवी असते, जी जेमतेम दोन-तीन इंचांची असते. पुढच्या गळ्याची खोली काही जण खांद्याच्या शिवणीपासून खाली मोजतात, तर घरी माप घेणारी बाई सहज गळ्याच्या खळगीपासून मोजते. या दोन्हींत दोन-तीन इंचांचा फरक सहज पडतो, आणि गळ्याच्या बाबतीत तेवढ्याने ब्लाउज घालण्याजोगा राहत नाही. फॉर्मसोबत आकृती असेल, तर टेप कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते तिच्यात बघूनच माप घ्यावं.

माप स्वतःचं स्वतः घेऊ नये. हात वर केला की खांदा आणि छाती दोन्ही बदलतात. दुसऱ्या कुणाला तरी टेप धरायला सांगावं. त्या ब्लाउजच्या आत जी ब्रा घालणार, तीच माप घेताना घालावी. पॅडेड ब्लाउज हवा असेल तर तेही विक्रेत्याला आधी सांगावं. छातीभोवती टेप पाठीमागे खाली घसरत नाही ना, ते बघावं. ती जमिनीला समांतर हवी आणि तिच्याखाली एक बोट जायला हवं. कोपरापर्यंतची बाही हवी असेल, तर हात थोडा वाकवून लांबी घ्यावी, म्हणजे हात दुमडल्यावर बाही वर चढत नाही.

एक माप मात्र बऱ्याच जणी टाळतात, आणि प्रिन्सेस कट किंवा कटोरी ब्लाउजचं सगळं बसणं त्याच्यावरच अवलंबून असतं. ते म्हणजे खांद्यापासून टक्स पॉइंटपर्यंतचं अंतर. छातीचा सर्वांत उंच भाग जिथे येतो, तिथेच ब्लाउजचा उभार यायला हवा. हे अंतर साधारण साडेनऊ ते साडेदहा इंच असतं, पण वयानुसार आणि अंगाच्या ठेवणीनुसार बदलतं. फॉर्ममध्ये जागा नसेल तर सूचनेच्या रकान्यात लिहावं. उभार एक इंच वर किंवा खाली गेला, तर घेर कितीही बरोबर असो, समोर चुण्या पडतात. प्रिन्सेस कटमध्ये कापड तिथे कापलेलंच असल्यामुळे ती चूक नंतर सुधारता येत नाही.

म्हणजेच काही गोष्टी नंतर दुरुस्त होतात आणि काही होत नाहीत. ही यादी ऑर्डर देण्याआधी माहीत असलेली बरी. छाती, कंबर आणि दंडघेर सैल किंवा घट्ट करता येतात. खांदा उतरत असेल तर तो थोडा उचलता येतो, मागचा गळा पसरत असेल तर दोरी लावता येते. पण गळा जास्त खोल कापला गेला, मुंढा जास्त उतरला किंवा बाही आखूड झाली, तर कापड परत येत नाही. काठाच्या साडीत हे जास्त नडतं. बाहीच्या टोकाला काठ यावा असं कापड बेतलेलं असतं, त्यामुळे आत दुमडून ठेवलेलं कापड बहुधा नसतंच. शंका असेल तर बाही अर्धा इंच लांबच सांगावी आणि गळा अर्धा इंच कमी खोल.

दुरुस्ती शक्य होते ती मार्जिनमुळे, म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेल्या जादा कापडामुळे. वरच्या उदाहरणातला 36 चा घट्ट ब्लाउज घ्या. त्याला दीड इंच सैल करायचा आहे. दोन्ही बाजूंना एकेक शिवण, प्रत्येक शिवणीत पुढचा आणि मागचा असे दोन पदर, म्हणजे एकूण चार पदर. दीड इंच चार पदरांत वाटला, तर प्रत्येक पदरातून अर्ध्या इंचाहूनही कमी कापड सोडावं लागतं. एक इंच मार्जिन असेल, तर जवळचा टेलर जुनी टीप उसवून बाहेरून नवी टीप घालतो आणि काम होतं. पण तेवढंच मार्जिन अस्तरालाही हवं, आणि बाहीच्या आतल्या शिवणीलाही. बाजू सैल केली की मुंढा मोठा होतो आणि बाही त्यात पुरत नाही. म्हणून ऑर्डरच्या सूचनेत स्पष्ट लिहावं: ‘बाजूला आणि बाहीला एक इंच मार्जिन ठेवा, अस्तरालाही.’

ब्लाउज हातात आला की पहिल्यांदा तो उलटा करून बघावा. टिपेला लागूनच कापड कापून ओव्हरलॉक केलं असेल, तर सैल करायला वाव नाही. मग अंगात घालून आरशासमोर उभं राहावं. हुकांमध्ये आडव्या रेषा ताणल्या जात असतील तर छाती घट्ट आहे. पट्टी खांद्यावरून सरकत असेल तर खांदा किंवा गळा रुंद झालाय. हात वर केल्यावर अख्खा ब्लाउज वर चढत असेल, तर मुंढा जास्त खोल आहे. सैल मुंढा आरामाचा, असं बऱ्याच जणींना वाटतं. प्रत्यक्षात काखेखाली खूप उतरलेला मुंढा हात उचलला की ब्लाउजही ओढतो.

आता परतीचं बघू. मापाने शिवलेली वस्तू परत घेत नाही, अशी अट बहुतेक दुकानं घालतात आणि ती समजण्यासारखी आहे, कारण तो ब्लाउज दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. पण या अटीचा एक परिणाम लक्षात येत नाही. साडीला जोडूनच आलेला ब्लाउजपीस कापला, फॉल-पिको झाला, की अनेक ठिकाणी ती साडीही परत होत नाही. साडीचा रंग प्रत्यक्षात वेगळा निघाला तर अडकायला होतं. साडी महागाची असेल तर आधी न शिवता मागवावी, रंग आणि पोत बघावा, शिलाईचं नंतर ठरवावं.

मात्र चूक विक्रेत्याची असेल, तर ‘परत नाही’ एवढ्यावर गोष्ट संपत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार माल सदोष असेल किंवा ठरल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. यासाठी पुरावा हवा. भरलेल्या मापांचा स्क्रीनशॉट जपावा, आणि ब्लाउज सपाट पसरून त्यावर टेप ठेवून, आकडे वाचता येतील असे फोटो काढावेत. तयार माप 38 ठरलं होतं आणि फोटोत 36 दिसतंय, तर वाद उरत नाही. हे सगळं होण्याआधी जवळच्या टेलरकडून टीप उसवून घेऊ नये. एकदा बदल केला की मूळ चूक कुणाची, हे दाखवणं अवघड होतं.

नव्या विक्रेत्याकडे पहिला ब्लाउज पैठणीचा देऊ नका. आधी एक साधा सुती ब्लाउज त्याच मापांनी शिवून घ्या, दिवसभर घालून बघा, कुठे काय बदलायचं ते टिपून ठेवा आणि सुधारलेले आकडे मग रेशमी ब्लाउजसाठी द्या. समारंभाच्या आधी दुरुस्तीसाठी दोन-तीन आठवडे हातात ठेवा. आणि तरीही विक्रेत्याने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.