फडताळावरच्या मालाचं वय

दुचाकीच्या सुट्या भागांचं एक दुकान डोळ्यांसमोर आणा. ३१ मार्च २०२५ ला मालाची मोजणी झाली, तेव्हा एका जातीचे ब्रेक शू ४० नग शिल्लक निघाले. हा माल किती जुना आहे? मोजणीच्या यादीत फक्त आकडा असतो, माल कधी आला ते नसतं. तारीख खरेदीच्या बिलांत सापडते. ती दोन बिलं अशी: ५ जून २०२४ ला ६० नग, १० जानेवारी २०२५ ला २४ नग.

बहुतेक जण इथे VLOOKUP वापरून तारीख आणतात आणि फसतात. नेमका कोड शोधताना हे सूत्र वरून पहिली सापडलेली ओळ उचलतं. बिलं तारखेच्या क्रमाने असतील तर जूनची तारीख येते आणि चाळीसही नग २९९ दिवसांचे ठरतात. यादी उलट लावली तर तेच नग ८० दिवसांचे होतात. दोन्ही उत्तरं चूक, कारण शिल्लक माल दोन्ही बिलांतला आहे.

आधी आलेला माल आधी विकला जातो असं धरलं, तर शिल्लक माल शेवटच्या खरेदीपासून मागे मोजायचा. जानेवारीचे २४ सगळे शिल्लक, उरलेले १६ जूनचे. हेच काम शीटकडून करून घ्यायचं. खरेदीच्या शीटमध्ये A मध्ये कोड, B मध्ये तारीख, C मध्ये नग असतील, तर D, E आणि F मध्ये ही तीन सूत्रं लिहून खाली ओढायची:

```
D2: =XLOOKUP(A2,Stock!A:A,Stock!B:B)
E2: =SUMIFS(C:C,A:A,A2,B:B,">"&B2)
F2: =MAX(0,MIN(C2,D2-E2))
```

D मोजणीची शिल्लक आणतं. E त्या बिलानंतर किती नग आले ते सांगतं. F त्या बिलातले आज किती उरले ते काढतं. जूनच्या ओळीत ४० वजा २४, म्हणजे १६ येतात. XLOOKUP नसलेल्या जुन्या एक्सेलमध्ये D साठी VLOOKUP चालतो, कारण मोजणीच्या यादीत प्रत्येक कोड एकदाच असतो.

पुढे G मध्ये मोजणीच्या तारखेतून बिलाची तारीख वजा करून दिवस काढायचे आणि H मध्ये त्यांचा गट. Gat नावाच्या छोट्या शीटवर ०, ९१, १८१, ३६६ हे आकडे चढत्या क्रमाने आणि शेजारी गटांची नावं लिहायची. `=VLOOKUP(G2,Gat!A:B,2,TRUE)` मधल्या TRUE मुळे २९९ दिवस १८१ पासूनच्या गटात बसतात.

आता पिव्हट टेबल. ओळींत कोड, स्तंभांत गट आणि आत उरलेल्या नगांची बेरीज. गटांत पैसा किती अडकला ते पाहायचं, तर नगांना खरेदीच्या दराने गुणलेला स्तंभ घालायचा.

निष्कर्ष काढण्याआधी एक ताळा करा. प्रत्येक कोडाची पिव्हटमधली बेरीज मोजणीशी जुळायला हवी. कमी आली तर एखादं जुनं बिल शीटमध्ये नाही. जास्त आली तर बहुधा एकाच तारखेची दोन बिलं आहेत. E ला ती एकमेकांच्या नंतरची वाटत नाहीत. #N/A दिसलं तर कोडाशेजारी जास्तीची मोकळी जागा आहे का, ते पाहा. तिथे शून्य भरून ती चूक झाकू नका. माल गुपचूप यादीतून गळेल. शीट दुरुस्त केल्यावर पिव्हट Refresh करावं लागतं.

पण जुना माल आणि उचल नसलेला माल एक नव्हे. या ब्रेक शूचे जूनपासून ४४ नग गेले, म्हणजे महिन्याला साधारण साडेचार. विक्री चालू आहे, पण ४० नग नऊ महिने पुरतील. इथे खरेदी जास्त झाली. याउलट फेब्रुवारीत घेतलेल्या एका जुन्या मॉडेलच्या हेडलाइट काचा वयाच्या तक्त्यात ताज्या दिसतील, पण त्यांतली शेवटची ऑगस्टमध्ये गेलेली असेल. म्हणून मोजणीच्या यादीत आणखी एक स्तंभ लागतो:

```
=MAXIFS(Vikri!B:B,Vikri!A:A,A2)
```

हे त्या कोडाच्या शेवटच्या विक्रीची तारीख देतं. १९०० सालची तारीख दिसली, तर सूत्राला शून्य मिळालंय: त्या कोडाची विक्री नोंदलेलीच नाही.

या हिशेबाला एक मर्यादा आहे. दुकानात नवी खोकी पुढे आणि जुनी मागे लागत असतील, तर नवा माल आधी जातो आणि मागचा शीट सांगते त्याहून जुना असतो. म्हणून १८१ दिवसांपुढच्या गटातले कोड छापून घ्यावेत आणि फडताळापाशी जाऊन खोक्यांवरच्या तारखा पाहाव्यात. ब्रेक शूची पुढची ऑर्डर थांबवायची, काचा पुरवठादार परत घेतो का ते विचारायचं. दोन्ही माल पडूनच आहेत, पण त्यांच्यावरचे उपाय वेगळे आहेत, आणि तो फरक वयाचा तक्ता आणि विक्रीची तारीख शेजारी ठेवल्यावरच दिसतो.