आधी ग्लुकोज, मग लॅक्टोज

१९४०च्या सुमारास पॅरिसमध्ये जाक मोनो यांनी जीवाणूंना एकाच द्रावणात दोन साखरा देऊन पाहिल्या. ग्लुकोज आणि लॅक्टोज दोन्ही मिळाल्यावर ई. कोलाय आधी ग्लुकोजवर भराभर वाढतात, ते संपले की वाढ थबकते आणि थोड्या वेळाने लॅक्टोजवर पुन्हा सुरू होते. मधल्या या खंडाचे उत्तर लॅक ओपेरॉनमध्ये आहे. परीक्षेत बहुतेकांचे गुण जातात तेही इथेच, दोन्ही साखरा असलेल्या स्थितीत.

ओपेरॉनमध्ये तीन जनुके एका ओळीत असतात. त्यांतली दोन महत्त्वाची: एक लॅक्टोज पेशीत आणणारे परमिएज बनवते, दुसरे लॅक्टोज तोडणारे बीटा-गॅलॅक्टोसिडेज. त्यांच्या अलीकडे प्रमोटर असतो, तिथे आरएनए पॉलिमरेज बसते. त्याला लागूनच ऑपरेटर. लॅक्टोज नसताना रिप्रेसर हे प्रथिन ऑपरेटरला चिकटून पॉलिमरेजची वाट अडवते. मात्र ही अडवणूक पूर्ण नसते. एंझाइमांचे मोजके रेणू पेशीत नेहमीच असतात. म्हणूनच लॅक्टोज आल्यावर थोडे आत शिरते आणि त्यातून अ‍ॅलोलॅक्टोज बनते. ते रिप्रेसरला जोडले गेले की रिप्रेसर ऑपरेटर सोडतो. उत्तरपत्रिकेत प्रेरक म्हणून ‘लॅक्टोज’ऐवजी ‘अ‍ॅलोलॅक्टोज’ लिहा.

पण वाट मोकळी झाली म्हणजे काम जोरात सुरू झाले, असे नाही. हा प्रमोटर मुळात कमजोर आहे, पॉलिमरेज त्यावर नीट बसत नाही. त्याला कॅप या प्रथिनाचा आधार लागतो आणि कॅप डीएनएवर बसण्यासाठी सायक्लिक एएमपी लागतो. ग्लुकोज भरपूर असताना सायक्लिक एएमपी कमी असतो. ग्लुकोज रिप्रेसरला हात लावत नाही, ते हा आधार काढून घेते. शिवाय ते पेशीत शिरत असताना परमिएजलाही रोखते, त्यामुळे लॅक्टोज फारसे आत येत नाही.

आता चारही स्थिती सहज सुटतात. फक्त ग्लुकोज असेल तर रिप्रेसर बसलेला आणि कॅप नाही, म्हणून ओपेरॉन बंद. दोन्ही साखरा नसतील तर कॅप तयार असतो, पण रिप्रेसर अडवतो, म्हणून तरीही बंद. फक्त लॅक्टोज असेल तर वाट मोकळी आणि कॅपही हजर, म्हणून लिप्यंतरण जोरात. दोन्ही असतील तर वाट बरीचशी मोकळी, पण आधार नाही, म्हणून लिप्यंतरण अगदी कमी. इथे ‘पूर्ण बंद’ लिहिले की चूक होते.

समजले की नाही, हे एका उत्परिवर्तनावर ताडून पाहा. रिप्रेसरचे जनुक निकामी झाले, द्रावणात लॅक्टोज नाही, ग्लुकोज मात्र भरपूर आहे. वाट कायमची मोकळी, तरी कॅप नसल्याने लिप्यंतरण कमीच राहील. ग्लुकोज संपले की, लॅक्टोजचा एक कणही नसताना, ते जोरात सुरू होईल.