न दिसणाऱ्या पाण्याचे चित्र

सातवीच्या वर्गात जलचक्र शिकवायचे म्हटले की फळ्यावर चार बाण निघतात : समुद्रातून वर, ढगाकडून डोंगराकडे, मग पाऊस, मग नदी. या बाणांचा दीड मिनिटाचा बोलपट करायचा, तर सेकंदाला १२ चित्रे धरली तरी १०८० चित्रे काढावी लागतात. पण खरी अडचण कष्टांची नव्हे. पाण्याची वाफ मुळी दिसतच नाही; मग ती काढावी कशी?

बहुतेक चित्रकार समुद्रावरून पांढऱ्या लहरी उठवतात आणि तिथेच फसतात. चहाच्या उकळत्या किटलीकडे नीट पाहा. तोटीला लागून बोटभर जागा अगदी रिकामी दिसते, पांढरा लोट त्यापुढे सुरू होतो. वाफ आहे ती त्या रिकाम्या जागेत! पांढरे दिसतात ते थंड हवेत पुन्हा पाणी झालेले बारीक थेंब. (लांबूनच पाहा, ती वाफ फार भाजते.) म्हणून चित्रपटाची सुरुवात किटलीने करावी.

मग पाण्याचा कण म्हणजे एक निळा टिपका. समुद्रातून वर जाताना त्याचा रंग उडावा आणि नुसती बारीक कड उरावी. मिठाचे पांढरे खडे खालीच राहू द्यावेत. पाऊस गोडा का, हे मग न सांगता कळते.

पुढे ढग येतो, आणि इथे स्पंजाची उपमा मोठा घात करते. ओला स्पंज पिळायचा कोणी? मुले म्हणतात, डोंगराने! प्रत्यक्षात घडते ते नेमके उलट. कोकणातून आलेला वारा महाबळेश्वरचा घाट चढतो. वर दाब कमी, म्हणून हवा फुगते आणि फुगता फुगता निवते. ढग धरेपर्यंत दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी! तेव्हा पोकळ टिपके धुळीच्या कणांवर, बाकावर बसावे तसे बसतात आणि पुन्हा निळे होतात. स्पंजाऐवजी फुगत जाणारा फुगा काढावा, हे बरे.

या फुग्याची परीक्षा घाटापलीकडे होते. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा मीटर पाऊस, आणि पायथ्याच्या वाईला मीटरभरही नाही. बराचसा ओलावा वरच सांडलेला असतो. शिवाय खाली उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, फुगा आकसतो, उरलेले टिपके पुन्हा पोकळ होतात. स्पंज दाबला तर पाणी गळते. इथे हवा दाबली जाते आणि ढग विरतो.

चित्रपट नेमका वाईवर थांबवावा, आवाज बंद करावा आणि मुलांना पुढचे चित्र काढायला सांगावे. कोणी निरभ्र आकाशात पोकळ टिपके काढले, तर त्याला वाफ दिसली म्हणायची.