कपाटातल्या कुलपाचं व्याज

तालुक्याच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात सिमेंटची गोणी आठ-दहा दिवसांत जाते. दरवाजात बसवायचं मॉर्टिस लॉक मात्र महिनोन्‌महिने पडून राहतं. तरीही पुष्कळ दुकानदार खरेदीवर ठरावीक टक्के चढवून भाव काढतात आणि माल किती दिवस पडून राहिला, हे त्यात धरतच नाहीत.

समजा, बँकेचं कॅश क्रेडिट वर्षाला 12 टक्क्यांनी आहे, म्हणजे महिन्याला शेकडा एक रुपया. कुलपांचा सहा नगांचा बॉक्स घेतला, तर जीएसटी वगळून एक कुलूप 1,200 रुपयांना पडतं. दर तीन महिन्यांनी एक विकलं जातं. पहिलं तीन महिने थांबतं आणि शेवटचं अठरा. सरासरी साडेदहा महिने. प्रत्येक कुलपावर 126 रुपये व्याज चढतं. पंधरा टक्के नफा धरून ते 1,380 ला विकलं, तर 180 रुपयांतून व्याज जाऊन 54 उरतात. भाडं आणि नोकराचा पगार त्यातूनच भागवायचा. कर्ज नसलं तरी हिशेब बदलत नाही, कारण अडकलेला स्वतःचा पैसाही दुसरीकडे काही मिळवून देऊ शकला असता.

म्हणून व्याज आधी खरेदीत मिळवावं. 1,200 अधिक 126 म्हणजे 1,326. त्यावर 180 धरले, तर भाव 1,506 होतो. घाऊक व्यापाऱ्याने महिन्याची उधारी दिली असेल, तर एक महिना वजा करावा. कंत्राटदार दोन महिन्यांनी पैसे देणार असेल, तर दोन महिने वाढवावेत.

पण वाटेल तेवढा भाव लावता येत नाही. पाकिटावरच्या एमआरपीच्या वर विकणं बेकायदा आहे, आणि भाव फार चढला की कुलूप आणखी रखडतं. अशा वेळी खरेदीच बदलावी. दोनच कुलपं घेतली तर प्रत्येकी 1,250 पडतील, पण ती सरासरी साडेचार महिनेच थांबतील. व्याज सुमारे 56 रुपये, एकूण 1,306. म्हणजे बॉक्सवरची 50 रुपयांची सूट घेऊनही बॉक्समधलं कुलूप 20 रुपयांनी महागच पडतं.

माल किती रेंगाळतो हे कळण्यासाठी बॉक्सवर मार्करने खरेदीची तारीख लिहिली तरी पुरे. वर्ष उलटूनही न खपलेल्या कुलपाचं मागचं व्याज विसरावं. ते परत मिळत नाही. ठेवलं तर पुढेही दरमहा 12 रुपये जाणारच. भाव उतरवून ते विकावं आणि मोकळा झालेला पैसा रोज खपणाऱ्या मालात घालावा.